गावाहून दिलेला कोड गावाहून काढता येतो का?

डिजिटल कुलूप विकणारा माणूस दुकानात एक गोष्ट हमखास करून दाखवतो. मोबाइल हातात घेतो, दोन-तीन बटणं दाबतो आणि पडद्यावर एक आकडा येतो. तो आकडा कुलपाच्या पट्टीवर दाबला की दार उघडतं. ‘तुम्ही गावाला असा नाहीतर अमेरिकेत, पाहुण्याला इथला नंबर फोनवर सांगा, झालं काम,’ असं तो म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण दिलेला नंबर गावाहूनच परत काढून कसा घ्यायचा, हे तो सहसा दाखवत नाही. गिऱ्हाईकही विचारत नाही, कारण देणं जितकं सोपं तितकंच काढणंही सोपं असणार असं आपण धरून चालतो. ते तसं नसतं. का नसतं, हे एकदा कळलं की नातेवाइकाला कोड कसा द्यायचा हेही नीट कळतं.

ठाण्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणू. मामा-मामी गणपतीसाठी मालवणला निघालेत. 2025 साली चतुर्थी 27 ऑगस्टला, बुधवारी होती आणि गौरी-गणपतीचं विसर्जन 2 सप्टेंबरला, तेच वेळापत्रक धरू. निघायचं रविवारी 24 तारखेला, परतायचं गुरुवारी 4 सप्टेंबरला. घरात माशांची टाकी आहे, गॅलरीत कुंड्या आहेत. डोंबिवलीचा भाचा एक दिवसाआड संध्याकाळी येऊन बघून जाणार आहे. दाराला चार पेन्सिल सेलवर चालणारं, आकड्यांची पट्टी असलेलं कुलूप आहे. आपल्याकडे मिळणारी अशी बरीच कुलपं, वर नाव कुठल्याही कंपनीचं असलं तरी, TTLock नावाच्या अ‍ॅपवर चालतात. हे कुलूप त्यांपैकीच एक. ते मोबाइलशी ब्लूटूथने बोलतं, म्हणजे फोन दारापासून काही पावलांवर असेल तरच. इंटरनेटशी त्याचा काहीही संबंध नाही.

मग मालवणात बसलेल्या मामांनी तयार केलेला कोड ठाण्यातल्या कुलपाला कळतो कसा? उत्तर असं की तो त्याला कळवलाच जात नाही. कुलूप पहिल्यांदा मोबाइलला जोडताना कुलूप आणि कंपनीचा सर्व्हर यांच्यात एक गुप्त किल्ली ठरते आणि ती दोघांकडेही राहते. मामांनी अ‍ॅपमध्ये ‘या तारखेच्या या वेळेपासून त्या तारखेच्या त्या वेळेपर्यंत’ असं भरलं की सर्व्हर ती गुप्त किल्ली आणि वेळ यांवरून गणित करून एक आकडा काढतो. भाच्याने तो आकडा दारावर दाबला की कुलूप स्वतःजवळची किल्ली आणि स्वतःचं घड्याळ वापरून ते गणित पडताळतं. जुळलं की दार उघडतं. मालवणात आणि ठाण्यात एकच पंचांग असलं की मुहूर्त विचारायला कुणी कुणाला फोन करत नाही, तसंच हे आहे. म्हणून असा कोड आपल्या मनाने निवडता येत नाही, अ‍ॅप देईल तोच घ्यावा लागतो. मामांना भाच्याच्या वाढदिवसाची तारीख कोड म्हणून हवी असेल, तर तो `Custom` प्रकारात मोडतो आणि निघण्याआधी दाराशी उभं राहून ब्लूटूथने कुलपात भरून ठेवावा लागतो.

या एका गोष्टीतून पुढचं सगळं निघतं. ठरावीक मुदतीचा कोड, ज्याला अ‍ॅपमध्ये `Timed` म्हणतात, तो दिल्याचं कुलपाला पहिल्यांदा कळतं ते कुणी तो दाबल्यावर. म्हणून कंपनीने एक अट घातली आहे: सुरू होण्याच्या वेळेपासून 24 तासांत तो एकदा तरी वापरला गेला पाहिजे, नाहीतर तो निकामी होतो. मुदत पुढे आठ दिवसांची असली तरीही. ही अट अ‍ॅपच्या पडद्यावर बारीक अक्षरांत लिहिलेली असते आणि बहुतेक लोक ती वाचत नाहीत.

आपल्या घरात काय होईल बघा. मामा रविवारी निघताना घाईत कोड काढतात: सुरुवात मंगळवार, 26 ऑगस्ट, संध्याकाळी सहा, शेवट बुधवार, 3 सप्टेंबर, रात्री नऊ. भाचा मंगळवारी येणार असं ठरलंय. पण मंगळवारी त्याच्या स्वतःच्या घरी गणपती आणायची गडबड, बुधवारी प्रतिष्ठापना आणि पाहुणे. तो येतो गुरुवारी.

‘मामा, नंबर घेतच नाहीये. लाल दिवा लागतोय.’

‘शेवटी हॅश दाबलास का?’

‘दाबला. तीनदा केलं.’

मामांना वाटतं भाचा चुकतोय, भाच्याला वाटतं मामांनी नंबर चुकीचा सांगितला, आणि तो पुन्हा पुन्हा दाबत राहतो. पाचेक वेळा चुकला की बरीच कुलपं काही मिनिटांसाठी आकड्यांची पट्टीच बंद करून टाकतात, मग कुलूप बिघडलं अशी दोघांची खात्री होते. बिघडलेलं काही नसतं. बुधवारी संध्याकाळी सहालाच तो कोड मेला. इथे उपाय सोपा आहे: मामांनी मालवणातून नवा कोड काढायचा, त्या दिवशीच्या चालू तासापासून सुरू होणारा, आणि फोनवर सांगायचा. पण कारण ठाऊक नसेल तर संध्याकाळ वाया जाते आणि कधी कधी चावीवाल्याला बोलावण्यापर्यंत पाळी येते.

याहून चांगली रीत म्हणजे निघण्याच्या आदल्या दिवशी भाच्याला घरी बोलवावं. कोड त्याच संध्याकाळपासून सुरू करावा आणि त्याच्याच हाताने दाबून घ्यावा. तेव्हा दार उघडं ठेवावं, हे महत्त्वाचं. दार उघडं असताना कुलपाची जीभ बाहेर काढून कोड दाबला की ती आत जाते का ते दिसतं, आणि काही बिनसलं तरी कुणी बाहेर अडकत नाही. या एका दाबण्याने 24 तासांची अट पुरी होते. त्यानंतर भाचा गुरुवारी आला काय आणि शनिवारी आला काय, कोड चालतो.

कुलपाच्या घड्याळाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण सगळा व्यवहार त्याच्यावर चालतो. हे घड्याळ कुलपाच्या आत असतं, इंटरनेट नसलेल्या कुलपात ते आपोआप बरोबर होत नाही, आणि हळूहळू मागे-पुढे सरकतं. काही कुलपांत सेल बदलल्यावरही वेळ चुकते. ओळखायची खूण अशी: सहाला सुरू होणारा कोड सहाला नाकारला जातो आणि सव्वासहाला चालतो, किंवा नऊला संपणारा कोड नऊनंतरही थोडा वेळ दार उघडतो. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये कुलपाची वेळ मोबाइलशी जुळवण्याची सोय असते. निघण्याआधी दाराशी उभं राहून ती एकदा जुळवून घ्यावी, आणि मुदत भरताना दोन्ही टोकांना तासभर मोकळीक ठेवावी.

आता काढून घेण्याकडे येऊ. समजा, भाच्याने शुक्रवारी कोड आपल्या भावाला सांगायचा म्हणून चुकून नातेवाइकांच्या मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ग्रुपवर साठ-सत्तर माणसं, त्यांतली निम्मी मामांना तोंडओळखीची. मामा मालवणात अ‍ॅप उघडतात, कोडच्या यादीत भाच्याचं नाव धरतात, ‘डिलीट’ दाबतात. अ‍ॅप सांगतं की कुलपाशी जोडणी होत नाही, कुलपाजवळ जा. काही अ‍ॅपमध्ये नाव यादीतून जातंही आणि माणूस निश्चिंत होतो. पण मोबाइलमधली यादी वेगळी आणि कुलपातली यादी वेगळी. कोड देताना कुलपाला काही कळवावं लागलं नव्हतं, म्हणून ते इतक्या लांबून जमलं. काढताना मात्र कुलपाला ‘हा आकडा यापुढे मानू नकोस’ असं सांगावंच लागतं, आणि सांगायला वाट नाही. कुलूप गणित करत राहणार, गणित जुळत राहणार, दार उघडत राहणार, बुधवारी रात्री नऊपर्यंत.

म्हणून इंटरनेट नसलेल्या कुलपाच्या बाबतीत कोडची शेवटची तारीख हीच खरी काढून घेण्याची क्रिया आहे, आणि ती कोड देतानाच करायची असते. ‘असू दे, घरचाच मुलगा आहे’ म्हणून कायमचा कोड देणं आणि परतल्यावर काढू म्हणणं, यात मधले दहा दिवस हातात काही राहत नाही. उलट मुदत तोकडी ठेवली तर फार बिघडत नाही, कारण लागलाच तर नवा कोड कुठूनही काढता येतो. माझ्या मते मामांनी सबंध आठ दिवसांचा एक कोड द्यायलाच नको होता. तीन-तीन दिवसांचे कोड, प्रत्येक फेरीआधी फोनवर सांगितलेले, हे जास्त चांगलं. त्यात भाचा गेला की नाही हेही आपसूक कळतं. ज्यांच्याकडे रोज एकाच वेळी कुणी येणार आहे, त्यांना ‘दर सोमवारी सहा ते आठ’ असा वारंवार चालणारा कोड आवडतो. तोही उपयोगी आहे, पण तो काढताना शेवटची तारीख विचारली जाते का, ते पाहून घ्या. नुसता वार आणि तास विचारला गेला, तर तो कोड गणपती होऊन दिवाळी आली तरी दर सोमवारी चालत राहील.

तरीही मामांपुढे शुक्रवारचा प्रश्न आहेच. यावर या अ‍ॅपमध्ये एक उपाय आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. कोडच्या प्रकारांत `Erase` नावाचा एक प्रकार दिसतो. हा दार उघडण्याचा कोड नव्हे, पुसण्याचा कोड आहे. तोही त्याच गणिताने निघतो, म्हणून मालवणातून काढता येतो. तो 24 तास चालतो. दाराशी जाऊन कुणीही तो दाबला की कुलपाने आतापर्यंत मानलेले सगळे कोड रद्द होतात. निरोप पोचवायला तार नाही, म्हणून माणसाच्या हाती निरोप पाठवायचा. इथे तो माणूस भाचाच असू शकतो किंवा शेजारच्या काकू. काकूंना घरात शिरण्याचा कोड द्यावा लागत नाही, नुसता पुसण्याचा आकडा सांगितला की पुरतं.

पण हा कोड निवड करत नाही. भाच्याचा गेला तसा मामींचा रोजचा कोड गेला, मोलकरणीसाठी ठेवलेलाही गेला. बोटांचे ठसे आणि कार्डं यांचा या पुसण्याशी संबंध नाही, त्यांची यादी वेगळी असते. म्हणून ज्याला पुसायला पाठवायचं, त्याला आधी घरात काही काम आहे का ते विचारावं, ते उरकल्यावर पुसू द्यावं, आणि भाच्यासाठी लगेच नवा कोड काढून तो चालतो की नाही ते त्याच फोनवर बोलत असताना पाहावं. जुना कोडही एकदा दाबून बघायला सांगावा. लाल दिवा लागला, नाकारल्याचा आवाज आला, तेव्हाच तो निघाला असं समजायचं. मोबाइलच्या पडद्यावर यादी कोरी दिसते यावर विसंबू नये.

हे सगळं नको असेल तर गेटवे नावाची एक छोटी डबी मिळते. ती दाराजवळच्या प्लगमध्ये लावायची. एका बाजूने ती कुलपाशी ब्लूटूथने बोलते, दुसऱ्या बाजूने घरच्या वायफायला जोडलेली असते. मग मालवणातून ‘डिलीट’ दाबलं की निरोप वायफायवरून डबीत आणि डबीतून कुलपात जातो, एकच कोड निघतो, बाकीचे राहतात. काही कुलपांत वायफाय आतच असतं. ती सेल वाचवण्यासाठी बहुतेक वेळ झोपलेली असतात आणि कुणी पट्टीला हात लावला की जागी होतात, त्यामुळे त्यांत काढण्याचा हुकूम थोडा उशिराही पोचू शकतो.

गेटवे असलेल्या घरांत एक अडचण मात्र हटकून येते, आणि ती तंत्राची नाही, आपल्या सवयीची आहे. गावाला जाताना आपण मेन स्विच बंद करतो. वडिलांनी शिकवलेलं असतं, शॉर्ट सर्किटची भीती असते, आणि ती सवय चांगलीच आहे. पण मेन बंद झाला की राउटर बंद, राउटर बंद की डबी असून नसल्यासारखी. मामा मालवणात पोचून अ‍ॅप उघडतात तेव्हा गेटवे ऑफलाइन दिसतो आणि ते पुन्हा ब्लूटूथच्या अवस्थेला आलेले असतात. राउटर आणि गेटवे ज्या प्लगवर आहेत तेवढा पॉइंट चालू ठेवून बाकीचे एमसीबी पाडता येतात. कुठला एमसीबी कशाचा, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा पट्टी चिकटवून लिहून घ्यावं. इन्व्हर्टर असेल तर ते दोन प्लग त्याच्यावर घ्यावेत, कारण पावसाळ्यात वीज जाणारच. आणि माशांची टाकी असलेल्या घरात तिच्या पंपासाठी एक पॉइंट चालू ठेवावाच लागतो, त्याच ओळीत राउटर बसवला की प्रश्न मिटतो.

कोड देण्याआधी दारासमोर उभं राहून एकदा भाच्याच्या नजरेने पाहावं. आपल्याकडे बहुतेक घरांना बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअर असतं आणि त्याला साधं कुलूप. आतल्या दाराला महागाचं डिजिटल कुलूप लावून त्याचा कोड भाच्याला दिला आणि सेफ्टी डोअरची चावी मालवणला गेली, असं होतं. सेल उतरले तर काय, हेही भाच्याला दाखवून ठेवावं. कुलपाच्या खालच्या कडेला बहुधा यूएसबीची खाच किंवा 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायचे दोन ठिपके असतात. बाहेरून वीज दिली की कुलूप जागं होतं, पण दार आपोआप उघडत नाही. पॉवर बँक जोडलेली ठेवून कोड दाबावाच लागतो. निघण्याआधी चारही सेल एकदम नवे, अल्कलाइन घालावेत. आणि भाच्याला मास्टर कोड कधीही देऊ नये, कितीही घाई असली तरी. बऱ्याच कुलपांत मास्टर कोड हाती असलेला माणूस पट्टीवरूनच नवे कोड, ठसे, कार्डं भरू शकतो. मग तुम्ही भाच्याचा एक कोड काढाल, पण त्यातून जन्मलेले बाकीचे तुमच्या ध्यानातही येणार नाहीत.

भाच्याला हे सगळं सांगायचं कसं, याचा अनेकांना संकोच वाटतो. ‘तुझा कोड बुधवारी बंद होईल’ म्हटलं की अविश्वास दाखवल्यासारखं होतं, असं मामींना वाटतं. मला ते उलट वाटतं. कोड देतानाच तारीख सांगितली तर त्यात वाईट वाटण्यासारखं काही उरत नाही. न सांगता मागाहून काढला आणि तो एखाद्या दिवशी दारात उभा राहून नंबर दाबत बसला, तर मात्र मन दुखतं. शिवाय मुदत त्याच्याही भल्याची आहे. पुढे महिन्याभराने घरातली एखादी वस्तू सापडेनाशी झाली, तर ज्याचा कोड 3 सप्टेंबरला संपला त्याच्याकडे कुणाची नजर जात नाही. याच कारणासाठी एकच कोड भाचा, शेजारी आणि मोलकरीण या तिघांना देऊ नये. प्रत्येकाला वेगळा द्यावा आणि अ‍ॅपमध्ये त्याच्यापुढे नाव लिहावं. कोड फोनवर सांगावा, लिहून पाठवायचाच झाला तर फक्त त्यालाच पाठवावा, आणि त्याच निरोपात घराचा पत्ता लिहू नये. दारात कुणी मागे उभं असेल तर खऱ्या कोडच्या आधी-नंतर काही फालतू आकडे दाबले तरी बरीच कुलपं मधला खरा कोड ओळखून उघडतात, हेही त्याला सांगून ठेवावं.

परतल्यावर दहा मिनिटांचं काम उरतं. दाराजवळ उभं राहून अ‍ॅप उघडा आणि नोंदी वाचून घ्या. कोणत्या कोडने कधी दार उघडलं हे कुलूप स्वतःजवळ टिपून ठेवतं, आणि गेटवे नसेल तर ते तुम्ही जवळ आल्यावरच मोबाइलला सांगतं. मग कोडची यादी, ठशांची यादी, कार्डांची यादी आणि मोबाइलवर दिलेल्या ई-चाव्यांची यादी, चारही स्वतंत्रपणे उघडून पाहा. मागच्या मे महिन्यात सुट्टीला आलेल्या भाच्याचा ठसा तिथे तसाच असू शकतो, आणि त्याला मुदत घातलेली नसेल, तर मुदतीचा कोड संपला तरी तो ठसा चालतच राहतो. संपलेले कोड यादीतून काढा, दार उघडं ठेवून भाच्याचा जुना नंबर एकदा दाबा, आणि पुसण्याचा कोड वापरला असेल तर मामींचा रोजचा कोड पुन्हा भरा.